एक शाफ्ट, तीन आकडे: २२, २८ आणि ४४

भोसरीतल्या आमच्या शॉपमधून गिअरबॉक्सचे शाफ्ट जातात. साधा पायऱ्यांचा शाफ्ट आहे. दोन टोकांना २५ मिलिमीटरच्या बेअरिंग सीट, मधोमध ३२ मिलिमीटरची गिअर सीट. ड्रॉइंगवर डाव्या बेअरिंग सीटला ‘ए’ आणि उजवीला ‘बी’ असं डेटम, म्हणजे मोजमापाचा आधार, दिलेलं आहे. गिअर सीटवर चौकट आहे: एकात एक दोन वर्तुळांचं चिन्ह ◎, पुढे Ø०.०४, त्यापुढे ए-बी. म्हणजे गिअर सीटची कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटी, दोन्ही बेअरिंग सीट मिळून जो अक्ष होतो त्याच्याशी तिचा अक्ष जुळण्याची मर्यादा, ०.०४ मिलिमीटर किंवा चाळीस मायक्रॉन.

एका लॉटमधला एक शाफ्ट परत आला तेव्हा त्याच्याबद्दल तीन आकडे टेबलावर होते. ग्राइंडिंगवाल्याने टोकांच्या भोकांत बसणाऱ्या दोन सेंटरच्या मध्ये शाफ्ट धरून, फिरवताना पृष्ठभाग किती वर-खाली होतो ते काट्यावर दाखवणारा डायल लावला होता, त्याला २८ मायक्रॉन मिळाले. पृष्ठभागावरचे बिंदू टिपून केंद्र काढणाऱ्या आमच्या सीएमएम मशीनच्या रिपोर्टवर ०.०२२ होतं. आणि ग्राहकाकडे व्ही-ब्लॉकवर डायल फिरला ४४ मायक्रॉन. आम्ही दोघं चाळीसच्या आत, ग्राहक चाळीसच्या बाहेर. पहिली प्रतिक्रिया नेहमीचीच झाली, की त्यांचा डायल तपासायला सांगा.

डायल ठीक होता. आमचं सीएमएमही ठीक होतं, आणि ग्राइंडिंगवाल्याचं रीडिंगही खरं होतं. तिन्ही आकडे बरोबर होते आणि शाफ्ट खरोखरच रिजेक्ट होता. हे कसं, ते इथे सांगतो.

आधी Ø०.०४ म्हणजे नक्की काय, ते डोळ्यापुढे आणू. खुंटीला दाव्याने बांधलेली शेळी आठवा. दावं दहा फूट असेल तर शेळी खुंटीपासून कुठल्याही बाजूला दहा फुटांपर्यंत जाते. पण तिने चरून साफ केलेलं वर्तुळ आरपार मोजलं तर वीस फूट भरतं. कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटीत खुंटी म्हणजे डेटमचा अक्ष, आणि शेळी म्हणजे गिअर सीटचं केंद्र. ड्रॉइंगवर जो आकडा लिहितात तो दाव्याच्या लांबीचा नसतो, चरलेल्या वर्तुळाचा असतो. आकड्याच्या आधी Ø लावलेला असतो तो त्यासाठीच. Ø०.०४ म्हणजे वर्तुळ चाळीस मायक्रॉनचं, आणि दावं वीस मायक्रॉनचं.

शाफ्टला लांबी असते, म्हणून वर्तुळाऐवजी नळी समजायची. डेटमच्या अक्षाभोवती चाळीस मायक्रॉन व्यासाची एक काल्पनिक नळी आहे आणि गिअर सीटचा अक्ष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत या नळीच्या आत बसला पाहिजे. आयएसओ ११०१ या मानकात कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटीची मांडणी अशीच आहे.

आता सीएमएमचा आकडा पाहू. त्या शाफ्टच्या गिअर सीटवर दोन्ही टोकांजवळ एकेक वर्तुळ मोजलं होतं. बी बाजूच्या टोकाला केंद्र X मध्ये +०.०१४ आणि Y मध्ये −०.०१७ सरकलेलं होतं. केंद्र खुंटीपासून सरळ रेषेत किती दूर आहे हे काढायला शाळेतला काटकोन त्रिकोण पुरतो. चौदाचा वर्ग १९६, सतराचा २८९, बेरीज ४८५, वर्गमूळ साधारण २२. म्हणजे केंद्र २२ मायक्रॉन सरकलं आहे. रिपोर्टवर छापलेलं ०.०२२ ते हेच. आमच्या पोराने ते ०.०४ शेजारी ठेवलं, निम्म्याच्या आसपास दिसलं, आणि ओके मारलं.

पण २२ ही दाव्याची लांबी आहे, आणि ड्रॉइंगवरचा ४० हा वर्तुळाचा व्यास. दावं दाव्याशी ताडायचं तर २२ विरुद्ध २०. व्यास व्यासाशी ताडायचा तर ४४ विरुद्ध ४०. कसंही करा, शाफ्ट बाहेरच जातो. एक्सेलमध्ये X आणि Y च्या दोन रकान्यांवरून हे सूत्र लावलं की व्यासाचा आकडा थेट मिळतो:

```
=2*SQRT(B2^2+C2^2)
```

B2 मध्ये X, C2 मध्ये Y. वर्ग केल्यामुळे उणे-अधिकची चिंता नाही. पुढचा २ विसरला की आमच्यासारखी गत होते.

X आणि Y च्या बाबतीत अजून एक चूक मी बऱ्याचदा पाहिली आहे, आणि ती जास्त फसवी आहे कारण तिच्यात दुप्पट केलेलं असतं. दोन्हीतला मोठा घेतात, सतरा, दुप्पट करतात, चौतीस येतो, आणि माल पास होतो. दुसरा कोणी X आणि Y वेगवेगळे ±०.०२ शी ताडतो. चौदा आत, सतरा आत, माल पास. ±०.०२ हा चौकोन आहे आणि नळी गोल आहे. चौकोनाचा कोपरा केंद्रापासून वीसवर नसतो, सुमारे २८ मायक्रॉनवर असतो, म्हणजे व्यासात जवळजवळ ५७. चौकोनाने तपासलं तर कोपऱ्यातला प्रत्येक वाईट शाफ्ट निसटतो.

दुसरं टोक विसरू नका. त्याच गिअर सीटच्या ए बाजूच्या टोकाला केंद्र फक्त ९ मायक्रॉन सरकलेलं होतं. सरासरी काढली तर साडेपंधरा, दुप्पट एकतीस, पुन्हा पास. पण अक्षाचा एखादाच भाग नळीबाहेर गेला तरी तो अक्ष बाहेरच. सरासरी चालत नाही, सगळ्यात वाईट टोकाचा आकडा घ्यावा लागतो. नऊ आणि बावीस असे वेगळे आकडे आले की त्यातून एक खूणही मिळते. सीट नुसती बाजूला सरकलेली नाही, तिरपी झालेली आहे. म्हणजे मशीनवर शाफ्टचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक आधी पाहायचा.

ग्राहकाच्या ४४ कडे येऊ. त्यांनी दोन बेअरिंग सीट दोन व्ही-ब्लॉकवर ठेवल्या, बी बाजूच्या टोकाला डायल लावला आणि शाफ्ट हाताने पूर्ण एक फेरा फिरवला. सीटचं केंद्र फिरण्याच्या अक्षापासून २२ मायक्रॉन सरकलेलं आहे. फिरताना एकदा ते डायलच्या बाजूला येतं, तेव्हा पृष्ठभाग २२ ने वर चढतो. अर्ध्या फेऱ्यानंतर ते पलीकडे जातं, पृष्ठभाग २२ ने खाली जातो. काटा सर्वांत वर आणि सर्वांत खाली यांच्यात २२ अधिक २२, म्हणजे ४४ फिरतो. दुप्पट करण्याचं काम डायलने स्वतःच करून टाकलं. म्हणून पूर्ण फेऱ्यातलं डायलचं एकूण रीडिंग थेट ड्रॉइंगच्या Ø शी ताडायचं. ४४ विरुद्ध ४०.

इथे एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे नुकसानीचीच. तो लॉट परत आल्यावर आमच्याकडे फर्मान निघालं, ‘कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटी दुप्पट करून लिहा.’ दुप्पट काय करायचं हे कोणी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात डायलवर ३४ आलेल्या शाफ्टला ६८ लिहून रिजेक्टच्या क्रेटमध्ये टाकलं होतं. तो शाफ्ट चांगला होता. डायलचा आकडा आधीच व्यासाचा असतो, त्याची दुप्पट म्हणजे चौपट दावं. उलटी चूकही होते: एखादा ४४ चं निम्मं करून २२ मिळवतो आणि ते ४० शी ताडतो. निम्मं करायला हरकत नाही, पण मग समोर वीसच ठेवायला हवा.

सीएमएमबद्दलही सावध राहायला हवं. केंद्राचं सरकणं आणि कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटी या वेगळ्या ओळी असतात. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटीची ओळ आधीच व्यासात छापलेली असते. आमच्या पोराने छापून आणलेली ओळ अंतराची होती, कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटीची नव्हती. तुमच्या रिपोर्टवर काय आहे हे कळायला कॅटलॉग उघडायची गरज नाही. एका शाफ्टच्या सगळ्यात वाईट टोकाचे X, Y घ्या, हाताने वर्गमूळ काढा. छापलेला आकडा तेवढाच असेल तर ती त्रिज्या आहे, दुप्पट असेल तर व्यास आहे. मशीन बदललं, सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली किंवा कोणी प्रोग्राम नव्याने लिहिला की ही तपासणी पुन्हा करायची.

आता ग्राइंडिंगवाल्याचे २८. ही माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी जागा आहे, कारण इथे चूक गणिताची नाही, खुंटीची आहे.

त्याने शाफ्ट दोन सेंटरवर धरला होता. म्हणजे त्याची खुंटी सेंटर होलमधून जाणारा अक्ष. ड्रॉइंगची खुंटी बेअरिंग सीटमधून जाणारा अक्ष. बेअरिंग सीट आणि गिअर सीट एकाच पकडीत ग्राइंड झाल्या असत्या तर फारसा फरक पडला नसता. पण आमच्याकडे बेअरिंग सीट एका मशीनवर होतात आणि गिअर सीट दुसऱ्यावर. मधल्या वेळात सेंटर होलमध्ये हीट ट्रीटमेंटची पापडी राहिली, बर उठला, किंवा कचरा बसला की शाफ्ट दुसऱ्या मशीनवर थोडा वेगळ्याच अक्षावर फिरतो.

आम्ही तोच शाफ्ट सेंटरवर घेऊन तिन्ही ठिकाणी डायल लावला. ए सीटवर एकूण रीडिंग १६, बी सीटवर १६, गिअर सीटच्या त्या वाईट टोकाला २८. निम्मं केलं की केंद्र सेंटरच्या अक्षापासून किती सरकलं ते मिळतं: ए आठ, बी आठ, गिअर सीट चौदा. आता प्रश्न कोणत्या बाजूला. काटा जिथे सगळ्यात वर गेला तिथे प्रत्येक सीटवर मार्करने ठिपका दिला. ए आणि बी चे ठिपके एका रेषेत आले, गिअर सीटचा ठिपका नेमका पलीकडच्या बाजूला.

म्हणजे सेंटरच्या अक्षापासून दोन्ही बेअरिंग सीट आठ मायक्रॉन एका बाजूला, आणि गिअर सीट चौदा दुसऱ्या बाजूला. ड्रॉइंगच्या खुंटीपासून गिअर सीटचं अंतर आठ अधिक चौदा, बावीस. व्यासात चव्वेचाळीस. तिसरा आकडाही जुळला.

समजा ठिपके तिन्ही एकाच बाजूला आले असते. तेव्हा चौदा वजा आठ, सहा मायक्रॉन, व्यासात बारा. तो शाफ्ट फार सुंदर ठरला असता. आणि गिअर सीटचा ठिपका काटकोनात, म्हणजे पाव फेरा पुढे असता तर पुन्हा काटकोन त्रिकोण: चौदाचा वर्ग १९६, आठचा ६४, बेरीज २६०, वर्गमूळ साधारण सोळा, व्यासात बत्तीस. तीन वेगवेगळे शाफ्ट, डायलवर तिन्हींची रीडिंग अगदी तीच, १६, १६ आणि २८, आणि खरी कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटी १२, ३२ किंवा ४४. सेंटरवर मोजताना ठिपका न देता नुसता आकडा लिहिणं म्हणजे अर्धंच मोजमाप.

ए आणि बी सारखे सरकलेले नसतील तर थोडा हिशेब वाढतो. समजा एका बाजूला ए दहाने सरकला आहे आणि बी त्याच बाजूला दोनने, आणि ज्या जागी डायल लावला ती ए पासून पाव अंतरावर आहे. दहापासून दोनपर्यंत उतार आठचा, त्याचा पाव भाग दोन, म्हणून त्या जागी डेटमचा अक्ष आठने सरकलेला. मग गिअर सीटचं सरकणं त्या आठपासून मोजायचं. दिशा वेगळ्या असतील तर X आणि Y चा हिशेब वेगवेगळा करून शेवटी एकदाच वर्गमूळ काढायचं. मला विचाराल तर एवढं करण्यापेक्षा ए आणि बी व्ही-ब्लॉकवर टेकवून मोजणं सोपं. डेटम तिथे हातात असतं, हिशेबात शोधावं लागत नाही.

खुंटीचाच एक दुसरा घोटाळा सीएमएमवर होतो. घाईत कोणीतरी प्रोग्राममध्ये डेटम ए-बी ऐवजी नुसता ए घेतो. आमची ए सीट चौदा मिलिमीटर लांब आहे, त्यावर दोन वर्तुळं मोजली तर त्यांच्यात जेमतेम दहा मिलिमीटर अंतर राहतं. या दहा मिलिमीटरवर एक मायक्रॉन चुकला, आणि तेवढा कुठल्याही चांगल्या मशीनवर चुकू शकतो, तर रेषा दर दहा मिलिमीटरला एक मायक्रॉन तिरकी जाते. गिअर सीटचं लांबचं टोक ए च्या मध्यापासून पंचाण्णव मिलिमीटरवर आहे. तिथे पोचेपर्यंत तिरकेपणा साडेनऊ मायक्रॉन होतो, व्यासात एकोणीस. चाळीसातले एकोणीस मोजणाऱ्याच्याच चुकीत गेले. ए आणि बी दोन्ही घेतले तर त्यांच्यात दीडशे मिलिमीटरचं अंतर असतं आणि गिअर सीट मध्ये असते. तिथे एका बाजूच्या एका मायक्रॉनच्या चुकीने मधल्या रेषेत एका मायक्रॉनपेक्षा जास्त फरक पडत नाही. हा दोष ओळखायची खूण अशी: शाफ्ट न हलवता प्रोग्राम पाच वेळा चालवा. व्यास तपासणाऱ्या ओळी दोन-तीन मायक्रॉनच्या आत राहिल्या आणि कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटी मात्र वीस मायक्रॉनने उड्या मारत असेल, तर या उड्या शाफ्टच्या नाहीत, डेटम आखूड आहे.

आता डायलची खरी मर्यादा. मी वर म्हटलं की डायलचं एकूण रीडिंग थेट Ø शी ताडायचं. ते तेव्हाच खरं, जेव्हा सीट गोल असेल. डायलला केंद्र दिसत नाही, पृष्ठभाग दिसतो. सीट अंडाकृती असेल, किंवा तिला तीन बाजूंना फुगवटे असतील, तर तेही काट्यावर येतं. म्हणून डायलवर जे येतं त्याला खरं नाव रनआऊट. रनआऊट चाळीसच्या आत असेल तर कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटीही साधारणपणे चाळीसच्या आत असतेच. पण रनआऊट बाहेर गेला म्हणून कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटी बाहेर गेली, असं नाही.

तीन फुगवट्यांचा शाफ्ट विशेष फसवतो. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये किंवा तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ भाग जास्त आवळला की असा आकार येतो. मायक्रोमीटरने मोजा, व्यास सगळीकडून सारखाच भरतो, कारण एका फुगवट्याच्या समोर नेमका खळगा असतो. असा एक शाफ्ट आमच्याकडे आला होता, डायलवर ४६. काटा कसा चालतो हे पाहूनच शंका येते. केंद्र सरकलेलं असेल तर एका फेऱ्यात काटा एकदा वर, एकदा खाली जातो आणि तोही संथ, एकसारखा. दोनदा वर-खाली झाला तर सीट अंडाकृती. मध्येच काटा थबकला, रेंगाळला, मग झटकन पुढे गेला, तर फुगवट्यांचा संशय धरायचा.

तेव्हा एका फेऱ्याचं एकच रीडिंग न घेता दर तीस अंशाला एक, अशी बारा रीडिंगं घेतली. खुणेपासून क्रमाने, मायक्रॉनमध्ये: २३, १६, ४, ०, −४, −१६, −२३, −१६, −४, ०, ४, १६. डायल आधी मधल्या आकड्यावर शून्य केला होता. आता यातून फक्त केंद्राचं सरकणं वेगळं काढायचं असेल तर प्रत्येक रीडिंगला त्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं, बेरीज करायची आणि सहाने भागायचं, म्हणजे X मिळतो. साइनने तेच केलं की Y. रकाना A मध्ये कोन अंशात आणि B मध्ये रीडिंग असेल तर:

```
X: =SUMPRODUCT(B2:B13,COS(RADIANS(A2:A13)))/6
Y: =SUMPRODUCT(B2:B13,SIN(RADIANS(A2:A13)))/6
```

सहा का, तर बारा रीडिंगचं निम्मं. चोवीस घेतलीत तर बाराने भागा. या शाफ्टला X आला १८.२ आणि Y शून्य. म्हणजे केंद्र १८.२ मायक्रॉन सरकलं, व्यासात ३६.५. चाळीसच्या आत. उरलेले नऊ-दहा मायक्रॉन फुगवट्यांचे होते. कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटी पास, आणि गोलाईच्या टॉलरन्सचा प्रश्न वेगळा, तो त्याच्या चौकटीपाशी सोडवायचा. इथेही शेवटची दुप्पट आपणच करायची, कारण X आणि Y काढले की आपण डायलवरून पुन्हा दाव्यावर आलो.

अर्थात रोजच्या तपासणीत हे बारा आकड्यांचं काम कोणी करणार नाही, करूही नये. व्ही-ब्लॉकवर डायल ३५ च्या आत असेल तर शाफ्ट सोडायचा, प्रश्न नाही. चाळीसच्या काठावर किंवा थोडा बाहेर असेल तरच हे करायचं. आणि ए, बी या बेअरिंग सीटच फुगवट्यांच्या असतील, तर व्ही-ब्लॉकवर फिरताना त्या शाफ्टलाच वर-खाली उचलतात आणि मग गिअर सीटचं रीडिंग निव्वळ धूळफेक ठरतं. अशा शाफ्टसाठी सीएमएम किंवा गोलाई मोजायचं यंत्र लागतं.

शेवटी ड्रॉइंगबद्दल. अमेरिकन पद्धतीची ड्रॉइंगं येत असतील तर लक्षात ठेवा, त्यांच्या वाय१४.५ मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीतून हे दोन वर्तुळांचं चिन्ह काढून टाकलेलं आहे. नव्या ड्रॉइंगवर तिथे पोझिशन किंवा रनआऊट दिसेल. पोझिशनलाही Ø असेल तर दुप्पट करायचा नियम तोच.

जुनी ड्रॉइंगं जास्त त्रास देतात. आमच्याकडे एका सुट्या भागाचं जुनं ड्रॉइंग आहे, त्यावर चौकट नाहीच, कोपऱ्यात टीप आहे: ‘एक्सेंट्रिसिटी कमाल ०.०२.’ हे दाव्याचं मोजमाप आहे. आजच्या चौकटीत लिहायचं तर Ø०.०४. पण नवं ड्रॉइंग तयार करताना कोणीतरी टीप पुसून चौकट काढली आणि आत Ø०.०२ लिहिलं. टॉलरन्स एका झटक्यात निम्मं झालं. वर्षानुवर्षं जाणारा माल अचानक रिजेक्ट व्हायला लागला आणि मशीनवर कोणीच काही बदललेलं नव्हतं. याच टिपेत ‘एक्सेंट्रिसिटी’च्या जागी ‘डायल रीडिंग ०.०२’ असतं तर मात्र Ø०.०२ बरोबरच होतं. आणि चौकटीत Ø चं चिन्हच नसेल, नुसतं ०.०२ असेल, तर ते त्रिज्येचं आहे की व्यासाचं याचा अंदाज बांधत बसू नका. असं एक ड्रॉइंग आलं तेव्हा आम्ही ग्राहकाला मेल केला, विचारलं की नळीचा व्यास २० मायक्रॉन हवाय की केंद्र २० मायक्रॉनपर्यंत सरकलेलं चालेल. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, ‘केंद्र’. त्या ड्रॉइंगच्या प्रतीवर आता तो मेल पिन करून ठेवलाय.